हेडलाइटच्या प्लास्टिक काचेचे नूतनीकरण

मोटार किंवा स्कूटरच्या हेडलाइटवरील पारदर्शक प्लास्टिकचे आवरण पिवळे व धुरकट झाले असता त्याचा खराब झालेला बाहेरचा थर घासून काढणे, पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत करणे आणि त्यावर नवा संरक्षक लेप चढवणे, अशी ही प्रक्रिया आहे. ॲम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या हेडलाइटला खरी काच असे आणि ती उन्हाने पिवळी पडत नसे. आजच्या बहुतेक गाड्यांवरील आवरण, ज्याला बोलण्यात अजूनही काचच म्हटले जाते, पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असते. ते वजनाला हलके असते व दगड लागला तरी सहसा फुटत नाही. मात्र उन्हातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर अतिनील किरण अडवणारा कठीण लेप दिलेला असतो. काही वर्षांत हा लेप झिजतो, त्याला बारीक तडे जातात आणि उघडे पडलेले प्लास्टिक पिवळे पडू लागते. आकाशाकडे तोंड असलेल्या वरच्या भागात हे आधी दिसते. गाडी रोज एकाच जागी उभी राहत असेल, तर उन्हाकडचा दिवा सावलीतल्या दिव्याच्या आधी खराब होतो.

काम हाती घेण्यापूर्वी दोष बाहेर आहे की आत, हे पाहावे लागते. त्यासाठी काच धुऊन ओली ठेवावी. पाण्याने बाहेरचे ओरखडे भरून निघतात. त्यामुळे ओली असताना धुरकटपणा बराच नाहीसा होऊन वाळल्यावर परत येत असेल, तर दोष पृष्ठभागावर आहे आणि घासण्याचा उपयोग होईल. तो तसाच राहिला, तर आत ओल शिरली आहे, आतली चकाकी जळाली आहे किंवा तडे प्लास्टिकमध्ये खोल गेले आहेत. अशा वेळी बाहेरून कितीही घासले तरी प्रकाश सुधारत नाही.

घासण्यासाठी पाण्यात चालणारा पॉलिश पेपर वापरतात. कडेच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन पदर लावले जातात; स्कूटरवर काच रंगीत पॅनेलला अगदी भिडलेली असल्याने ही काळजी अधिक घ्यावी लागते. वरचा लेप पापुद्र्यासारखा सुटत असलेल्या काचेवर सुरुवात साधारण 600 नंबरच्या कागदाने करतात, आणि मग 1000 व 2000 असे चढत जातात. कागद स्पंजावर गुंडाळून, पाणी सतत सोडत, पहिल्या नंबराला आडवे तर पुढच्याला उभे घासले की आधीचे ओरखडे उरले आहेत का ते लगेच कळते. सुरुवातीला पिवळसर पाणी निघते. ते पांढरे, दुधासारखे येऊ लागले की जुना लेप संपत आला, असे समजावे. तरीही काच वाळवून तिरप्या उजेडात पाहणे आवश्यक असते, कारण उरलेला लेप चकचकीत बेटांसारखा दिसतो व त्याच्या कडा नव्या लेपाखालूनही उठून दिसतात. बहुतेक कामे येथेच बिघडतात: पहिला कागद कंटाळून लवकर सोडला जातो आणि पुढचे बारीक कागद ती कसर भरून काढू शकत नाहीत.

यानंतर दोन वाटा आहेत. रबिंग कंपाउंडने घासून चमक आणता येते, पण त्यात उरलासुरला कारखान्याचा लेपही गेलेला असतो. वर केवळ वॅक्स लावले, तर काही महिन्यांतच पिवळेपणा परततो. टूथपेस्टने मिळणारी चमकही याच जातीची, त्याहून अल्पायुषी. मशीनने पॉलिश करताना पॅड एकाच जागी धरल्यास प्लास्टिक तापून विरघळल्यासारखे ओघळते, म्हणून तो सतत फिरता ठेवावा लागतो.

टिकाऊ मार्ग म्हणजे हार्डनर मिसळायचा, अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट. तो द्यायचा असेल तर पॉलिश करण्याची गरज नसते; उलट कंपाउंडमधील तेलकटपणामुळे लेपात खड्डे पडतात. बारीक घासलेली मंद काच आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घेतली, की लेप तिचे उरलेले ओरखडे भरतो आणि ती पहिल्याच फवाऱ्यात पारदर्शक होते. थिनर किंवा ॲसिटोन मात्र लावू नये, त्याने पॉलिकार्बोनेटला जाळीदार तडे जातात. पहिला हात अगदी विरळ देऊन, तो चिकट होईपर्यंत थांबून, पुढचे एक-दोन हात भरीव देतात. एकदम जाड हात दिला तर ओघळ येतो. पावसाळ्यातील दमट दिवशी लेप दुधाळ होऊ शकतो, म्हणून कोकणात तरी हे काम कोरड्या महिन्यांसाठी राखून ठेवणे बरे. हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि साधा कापडी मुखपट्टा ते अडवत नाही. त्यामुळे योग्य रेस्पिरेटर नसेल तर हा भाग रंगकाम करणाऱ्या गॅरेजवर सोपवावा. हा लेपही पुढे सुटू लागला तर त्यावरच दुसरा देऊन भागत नाही. सुटलेला थर पूर्ण उतरवून काम पुन्हा 600 नंबरपासून करावे लागते.