तानपुऱ्याची तार आणि पिक्सेलमधली वाटणी

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. परगावचं गिऱ्हाईक आता वाद्य आधी फोनच्या पडद्यावर बघतं, आणि अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुभ्र पांढरी, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, असावी लागते. त्यामुळे निळ्या भिंतीपुढे काढलेला तानपुरा कापून पांढऱ्यावर ठेवायची वेळ येते. भोपळा आणि दांडी सुबक कापली जातात. तारा मात्र गायब होतात, नाहीतर निळसर दिसतात. दोष हाताचा नाही, कॅमेऱ्याचाही नाही. असं का होतं, हे एकच पिक्सेल उघडून बघितला की कळतं.

समोरून काढलेल्या फोटोत तारांच्या मागे लाकूडच असतं, तिथे प्रश्न येत नाही. बाजूने काढलेल्या फोटोत घोडीजवळची तार हवेत असते आणि मागे भिंत दिसते. दीड मीटरचा तानपुरा २००० पिक्सेलमध्ये बसवला, तर एका पिक्सेलच्या वाट्याला पाऊण मिलिमीटर येतो. पोलादी तार साधारण ०.३ मिलिमीटर जाड. म्हणजे तारेवरच्या पिक्सेलमध्ये ४० टक्के तार आणि ६० टक्के भिंत!

साधं सिलेक्शन प्रत्येक पिक्सेलला आत किंवा बाहेर ठरवतं. आत घेतला तर भिंत सोबत येते, बाहेर ठेवला तर तार जाते. मास्क ही अडचण सोडवतो, कारण तो प्रत्येक पिक्सेलसाठी ० ते २५५ मधला आकडा ठेवतो. ० म्हणजे पूर्ण लपलेला, २५५ म्हणजे पूर्ण दिसणारा. आपल्या तारेला १०२ हवेत, म्हणजे ४० टक्के. या हिश्शाला अल्फा म्हणतात, आणि त्यावरून चित्रं एकमेकांवर कशी रचायची याचं गणित ल्युकासफिल्म या चित्रपट कंपनीतल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडलं.

तरीही मास्क बरोबर असून तार निळी राहते. समजा तारेचा राखाडी रंग तिन्ही आकड्यांत २०० आहे, आणि भिंतीत लाल ६०, निळा १८०. पिक्सेलमध्ये लाल येतो २०० चे ४० टक्के अधिक ६० चे ६० टक्के, म्हणजे ११६. निळा तसाच काढला तर १८८. भिंत पिक्सेलच्या रंगातच मिसळली आहे. मास्कने दिसण्याचा हिस्सा बदलतो, रंग नाही. हा पिक्सेल ४० टक्क्यांनी पांढऱ्यावर ठेवला की लाल १९९ आणि निळा २२८ होतो. खऱ्या राखाडी तारेचे दोन्ही २३३ हवे होते. त्या फरकाचीच निळी किनार दिसते.

‘एका टचमध्ये बॅकग्राउंड गायब’ ही जाहिरात इथेच उघडी पडते. एका फोटोतून तारेचा रंग आणि तिचा हिस्सा दोन्ही अचूक काढता येत नाहीत. अज्ञात गोष्टी जास्त आणि समीकरणं कमी आहेत. कोणतंही अ‍ॅप तिथे अंदाजच बांधतं.

यावरचा उपाय मला फार आवडतो: कॅमेरा आणि वाद्य न हलवता, तोच प्रकाश आणि तेच एक्स्पोजर ठेवून दोन फोटो काढायचे, एकात मागे पांढरा कागद, दुसऱ्यात काळा. आपल्या पिक्सेलमध्ये पांढऱ्यावर २३३ येतात, काळ्यावर ८०. फरक १५३. पूर्ण रिकाम्या जागी हा फरक २५५ असता. १५३ भागिले २५५ म्हणजे ०.६, एवढी पार्श्वभूमी; उरलेली ०.४ तार. आणि ८० भागिले ०.४ म्हणजे २००, तारेचा मूळ रंग! प्रत्यक्षात कागद पूर्ण २५५ किंवा ० नसतो, आणि फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, म्हणून उत्तर थोडं हलतं. तारेसाठी ते चालतं.

गिम्प या फोटो-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे दोन फोटो दोन लेयरवर ठेवायचे, वरच्याचा मोड Difference करायचा, मिळालेलं चित्र राखाडी करून उलटं करायचं आणि तारेच्या मूळ रंगाने भरलेल्या लेयरच्या मास्कमध्ये चिकटवायचं. तार छेडली गेली असेल तर ती थांबेपर्यंत वाट बघा, नाहीतर दोन फोटोंत ती दोन जागी येते. लिस्टिंग फक्त पांढऱ्यावर हवी असेल, तर तारांपुरता पांढऱ्या कागदावरचा फोटोच पुरे. मिसळण्याचं काम प्रकाशाने आधीच केलेलं असतं. रंगीत बॅनरसाठी मात्र मास्क लागतोच.

ही युक्ती पॉलिश केलेल्या भोपळ्यावर वापरू नका. चकचकीत कडेत मागच्या कागदाचं प्रतिबिंब पडतं, दोन फोटोंत कड वेगळी दिसते आणि गणित तिला अर्धपारदर्शक ठरवतं. भोपळा आणि दांडी Paths टूलने आखा, कडेला अर्धा ते एक पिक्सेल फेदर, म्हणजे मऊपणा, द्या, आणि फरकातून काढलेला मास्क फक्त तारांच्या पट्ट्यात लावा.

तपासायला खाली आधी काळा, मग गडद पिवळा लेयर ठेवा. काळ्यावर भोपळ्याच्या किंवा दांडीच्या कडेला फिकट रेघ उमटली तर तिथला मास्क एक पिक्सेल आत घ्या. पिवळ्यावर तार तुटक दिसली, तर मास्कमध्ये तारेच्या जागी ० झाला आहे. तिथे मऊ ब्रशने राखाडी रंग भरा.