मोबाइलवरचे पोस्टर आणि दोन मीटरवरचा वाचक

रावेर तालुक्यातील आठवीच्या एका विद्यार्थिनीने तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी केळीच्या खोडापासून धागा काढण्याच्या प्रक्रियेवर पोस्टर तयार केले आणि त्याचे छायाचित्र अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवले. घरच्यांनी आणि शिक्षकांनी ते मोबाइलवर पाहून पसंत केले होते. मात्र तसे पाहताना प्रत्येकाने दोन बोटांनी चित्र मोठे केले होते, आणि चित्र मोठे करणे म्हणजे पोस्टरच्या अगदी जवळ जाऊन उभे राहणे होय. प्रदर्शनात पोस्टर भिंतीवर असते, त्याच्यापुढे प्रतिकृती ठेवलेले टेबल असते आणि पाहणारा टेबलाच्या अलीकडे थांबतो. टेबल पाऊण मीटर रुंद असले आणि माणूस त्यापासून अर्धा मीटर दूर उभा राहिला, तरी त्याचे डोळे पोस्टरपासून सव्वा मीटरवर असतात. गर्दीत मागे राहिलेल्यांसाठी हे अंतर सहज दोन मीटर होते.

हे दोन मीटर मोबाइलवरच अनुभवता येतात. अक्षर वाचता येणे हे त्याच्या नुसत्या उंचीवर ठरत नाही, तर ते डोळ्याशी केवढा कोन करते यावर ठरते. नेहमीची कार्डशीट ५६ सेंटीमीटर रुंद आणि ७१ सेंटीमीटर उंच असते. तिचे पूर्ण चित्र पडद्यावर १२ सेंटीमीटर उंच दिसत असेल आणि मोबाइल डोळ्यांपासून ३५ सेंटीमीटरवर धरला असेल, तर ७१ ला ३५ ने गुणून १२ ने भागल्यावर सुमारे २०७ येतात, म्हणजेच चित्र मोठे न करता पाहिल्यास पोस्टर दोन मीटरवरून दिसते तेवढेच दिसते. या विद्यार्थिनीच्या पोस्टरवरील मुख्य शीर्षक असे पाहिल्यावर वाचता आले, उपशीर्षके अंदाजाने लागली आणि मजकुराच्या जागी राखाडी पट्टे दिसले.

तरीही एवढ्यावर निर्णय देणे योग्य नव्हते, कारण दोष छायाचित्राचाही असू शकतो. संदेशातून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र बारीक करून पाठवले जाते आणि त्यात लहान अक्षरांच्या कडा विरघळतात. शिवाय तिरप्या कोनातून घेतलेल्या चित्रात दूरची कड आखूड होते, त्यामुळे त्या बाजूची अक्षरे प्रत्यक्षापेक्षा लहान भासतात. म्हणून तिला सांगितले की पोस्टरवर मापाची पट्टी चिकटवावी, मोबाइल पोस्टरच्या बरोबर मध्यासमोर धरून पुन्हा छायाचित्र घ्यावे आणि ते दस्तऐवज म्हणून पाठवावे. समोरासमोरच्या कडा समांतर दिसल्या की माप विश्वासार्ह ठरते.

या दुसऱ्या छायाचित्रात पोस्टरची ७१ सेंटीमीटर उंची २८४० पिक्सेलमध्ये बसली होती, म्हणजे एका सेंटीमीटरला ४० पिक्सेल. मुख्य शीर्षकाचे अक्षर १०० पिक्सेल, उपशीर्षकाचे ३६ आणि मजकुराचे २० पिक्सेल उंच भरले. प्रत्यक्षात अनुक्रमे २५, ९ आणि ५ मिलिमीटर. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी, वेलांट्या आणि उकार त्यात धरू नयेत.

डोळे तपासण्याच्या तक्त्यावरची ६/६ ही ओळ ६ मीटरवरून डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करते (एका अंशाची ६० मिनिटे होतात), आणि तिचे अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते. याच हिशेबाने दोन मीटरवर २.९ मिलिमीटरचे अक्षर निरोगी डोळ्याला जेमतेम ओळखता येते. ही क्षमतेची सीमा झाली. सहज वाचण्यासाठी अक्षर तिच्या तिपटीहून मोठे हवे. त्यासाठी अंतराला २०० ने भागण्याचा ठोकताळा सोयीचा आहे, ज्यानुसार दोन मीटरसाठी १० मिलिमीटरचे अक्षर लागते. तोच ठोकताळा उलटा लावला, तर तिचे मुख्य शीर्षक ५ मीटरवरून, उपशीर्षके १.८ मीटरवरून आणि मजकूर केवळ १ मीटरवरून सहज वाचता येईल. त्या १ मीटरवर तर टेबलामुळे कोणी पोहोचणारच नाही. चांगल्या उजेडात तीक्ष्ण नजरेचे मूल तो मजकूर दीड मीटरवरूनही वाचेल, पण परीक्षक बहुधा त्या वयाचे नसतात. देवनागरीत ‘ब’ आणि ‘व’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळे करणारी खूण अक्षराच्या एका लहानशा भागात असते, त्यामुळे येथे काटकसर न केलेलीच बरी.

अक्षर दुप्पट उंच केले की ते दुप्पट रुंदही होते, म्हणून त्याच मजकुराला चौपट जागा लागते. तिने सुमारे ४०० शब्द लिहिले होते आणि त्यांनी अर्धी शीट व्यापली होती. १० मिलिमीटरच्या अक्षरांत त्यांना दोन शीट लागल्या असत्या. याच जागेत बसवायचे तर १०० शब्दच उरतात. अंतर ठरले की अक्षर ठरते आणि अक्षर ठरले की शब्दसंख्या ठरते. मांडणीचा विचार त्यानंतर करायचा असतो, आणि बहुतेक पोस्टरांत तो नेमका उलट्या क्रमाने होतो असे माझे मत आहे. ओळींमधील अंतरही या हिशेबात धरावे लागते, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत गुंतल्या तर मोठे अक्षरही वाचवत नाही. १० मिलिमीटरच्या अक्षराला एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत २० मिलिमीटर ठेवणे सुरक्षित असते.

शब्द कमी करताना उपशीर्षकांचा मोठा उपयोग झाला. ‘प्रस्तावना’, ‘साहित्य’, ‘कृती’, ‘निष्कर्ष’ ही शीर्षके कोणत्याही प्रकल्पावर चालतात, त्यामुळे ती वाचूनही पाहणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी ‘घड कापल्यावर खोड वाया जाते’ आणि ‘सोपटे खरवडली की धागा सुटतो’ अशी वाक्येच १५ मिलिमीटरच्या अक्षरांत घेतली, आणि त्यांखालचा बराचसा मजकूर आपोआप अनावश्यक ठरला. खोड कापणे, सोपटे वेगळी करणे, यंत्रात गर खरवडणे, धुणे आणि सावलीत वाळवणे हे टप्पे तिने वर्तुळात मांडले होते. ही प्रक्रिया फिरून पहिल्या टप्प्याशी येत नाही, त्यामुळे वर्तुळ दिसायला आकर्षक असले तरी ते चुकीचा अर्थ सांगत होते. ते टप्पे डावीकडून उजवीकडे एका पट्टीत घेतले.

रंग आणि रेघ यांचा प्रश्न त्याहून सोपा होता. केळीचा विषय म्हणून मुख्य शीर्षक पांढऱ्या कागदावर पिवळ्या रंगात होते. छायाचित्र मोबाइलमध्ये कृष्णधवल केले तेव्हा ते जवळजवळ पुसले गेले, कारण पिवळा आणि पांढरा यांच्या उजळपणात फरक फारच थोडा असतो. पिवळा रंग शीर्षकामागच्या पट्टीला देऊन अक्षरे गडद हिरवी केली. ही चाचणी उपयोगी असली तरी सैल आहे. मोबाइल उजेड आणि उठाव स्वतःहून वाढवतो, म्हणून चित्रात काठावर उत्तीर्ण होणारी रंगजोडी शाळेच्या अंधुक खोलीत नापास होऊ शकते. आकृतीवरील नावे मोठ्या अक्षरांत असली तरी बॉलपेनने लिहिली होती. त्याची सुमारे अर्ध्या मिलिमीटरची रेघ दोन मीटरवरून १ मिनिटापेक्षाही लहान कोन करते. अशी रेघ नाहीशी होत नाही, पण फिकट पडते. १० मिलिमीटरच्या अक्षराला दीड मिलिमीटर जाडीचे मार्कर पुरते, २५ मिलिमीटरच्या शीर्षकाला मात्र चपट्या टोकाचे चार मिलिमीटरचे लागते.

शेवटचा बदल टेबलामुळे करावा लागला. धागा काढण्याच्या यंत्राची प्रतिकृती पुढे ठेवल्यावर पोस्टरचा खालचा भाग झाकला जाणार होता आणि निष्कर्ष नेमका तेथेच होता. तो मुख्य शीर्षकाच्या लगेच खाली आणला, आणि तळाच्या पट्टीत शाळेचे नाव, इयत्ता व मार्गदर्शक शिक्षकांचे नाव एवढेच ठेवले.