मोठा आकडा आणि चुकीचा आकडा: खर्चाच्या शीटमध्ये ते वेगळे कसे ओळखायचे

वर्षभराच्या खर्चाची शीट उघडली की बहुतेक मालकांची नजर आधी सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाते. तो लाल करायचा आणि हिशेब बघणाऱ्या बाईंना विचारायचं, "ताई, इथे काही चुकलंय का?" बऱ्याचदा तिथे काहीच चुकलेलं नसतं. चूक असते ती चार ओळी खाली, एखाद्या साध्यासुध्या रकमेत. इतरांपेक्षा वेगळा पडलेला आकडा आणि चुकीची नोंद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या शोधायच्या रीतीही निराळ्या आहेत.

ठाण्यात वागळे इस्टेटमधलं एक लहान पॅकेजिंग युनिट घेऊ. आकडे उदाहरणापुरते. पगार दरमहा २,१०,००० रुपये, पण ऑक्टोबरमध्ये ३,९०,०००. जवळजवळ दुप्पट, तरीही पूर्ण बरोबर, कारण त्यात दिवाळीचा बोनस आहे. असा आकडा सरासरी मात्र बिघडवतो. बारा महिन्यांची सरासरी २,२५,००० येते, आणि एवढा पगार एकाही महिन्यात दिलेला नाही. म्हणून नेहमीचा खर्च किती, हे बघायला मी बारा महिन्यांच्या पगाराचा मध्यक काढते, म्हणजे रकमा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा:

```
=MEDIAN(B2:B13)
```

तो २,१०,००० येतो आणि खरं चित्र दाखवतो. मागच्या वर्षाशी तुलना करतानाही जपावं लागतं. २०२३ साली दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यात होती, २०२५ साली ऑक्टोबरमध्ये. बोनसचा डोंगर महिना बदलतो, खर्च वाढलेला नसतो.

आता वीज. दरमहा ३८ ते ४४ हजार, आणि मे महिन्यात एकदम १,२१,०००. बँकेतून तेवढे पैसे खरंच गेलेत, म्हणजे रक्कम खोटी नाही. पण महावितरणची बिलं काढून बघितली की दोन बिलं निघतात: ४३ हजारांचं विजेचं आणि ७८ हजारांचं वाढीव सुरक्षा ठेवीचं. वर्षभराच्या सरासरी बिलावरून ही ठेव नव्याने ठरते आणि फरकाचं बिल वेगळं येतं. ते पैसे आपल्याच नावावर जमा राहतात, त्यावर व्याज मिळतं. म्हणजे तो खर्च नव्हे, ठेव. रक्कम खरी, खातं चुकीचं. एवढी एक ओळ हलवली नाही, तर त्या महिन्याचा नफा ७८ हजारांनी कमी दिसतो.

हे दोन्ही आकडे निदान डोळ्यांत भरतात. मला खरी काळजी वाटते ती न दिसणाऱ्यांची. यंत्रदुरुस्तीचा खर्च दरमहा १२ ते २५ हजारांत फिरतो. सप्टेंबरमध्ये २१ हजार, कुणालाही शंका येणार नाही. पण तपशिलात ३ सप्टेंबरला ८,२६० रुपये आहेत आणि त्याच मेकॅनिकच्या नावावर २८ ऑगस्टला ७,०००. दोन वेगळी कामं वाटतात. ७,००० वर १८ टक्के जीएसटी लावा, ८,२६० होतात. बिल आलं तेव्हा एकाने कर वजा करून नोंद केली, आणि पैसे गेले तेव्हा दुसऱ्याने बँकेच्या स्टेटमेंटवरून पुन्हा खर्चात टाकली. रकमा सारख्या नसल्यामुळे सारख्या रकमा शोधून ही जोडी कधीच सापडत नाही. म्हणून शीटमध्ये बिल नंबरचा रकाना हवाच. पुरवठादार आणि बिल नंबर ही जोडी दोनदा आली की पकडता येते. ज्या ओळीत बिल नंबरच नाही, ती आधी तपासावी.

याच्या उलट चूकही होते, म्हणजे रक्कम दिसते पण बेरजेत येत नाही. कुणी "१२,५००/-" असं टाइप केलं, की शीट तो मजकूर समजते आणि SUM त्याला गुपचूप वगळतं. खूण अशी की आकडे घरात उजवीकडे टेकतात, हा डावीकडे टेकलेला असतो. किती घरं अशी आहेत ते या सूत्राने कळतं. रकान्यात फक्त रकमा असतील तर उत्तर शून्य यायला हवं:

```
=COUNTA(D2:D200)-COUNT(D2:D200)
```

रिकामं घरही असंच बोलकं असतं. भाडं मेमध्ये शून्य आणि जूनमध्ये १,१०,००० दिसलं, तर जूनला लाल करण्याआधी शेजारचा महिना बघावा. भाडं उशिरा गेलं, एवढंच. वर्षाची बेरीज ठीक आहे, महिन्याची तुलना तेवढी खोटी पडते.

थोडक्यात, वेगळा पडलेला आकडा शीटमध्ये दिसतो, पण तो बरोबर आहे की नाही हे बिल हातात घेतल्याशिवाय ठरत नाही. चूक सापडली आणि महिना अजून बंद झाला नसेल, तर ओळ दुरुस्त करून शेजारी कारण लिहावं. आकडे सीएंकडे गेले असतील तर जुनी ओळ पुसू नये. चालू महिन्यात उलटी नोंद करावी आणि तिच्यात मूळ बिलाचा नंबर घालावा.