जिना कुठून काढायचा: बाजारपेठेतल्या दुकान-माडीच्या घराची पार्श्वभूमी

रस्तारुंदीची नोटीस आली की जुन्या बाजारपेठेत पहिली चर्चा ओट्याची होते. ओटा जाणार, फळ्यांचे दुकान जाणार, मोबदला किती मिळणार. पण अशा घरांची मोजमापे घ्यायला मी वर्षानुवर्षे जातो आहे, आणि खरे भांडण जवळजवळ दर वेळी जिन्याशी येऊन थांबते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड या मांडणीचा सगळा इतिहास त्या दोन-सव्वादोन फूट रुंदीच्या जागेत अडकलेला आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातले एक किराणा दुकान डोळ्यासमोर ठेवून लिहितो. घर तीन खणांचे. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, साधारण पाच फूट. भिंती धरून दर्शनी रुंदी सोळा फूट भरते, आणि खोली मागच्या परसापर्यंत पन्नासच्या आसपास. रस्त्यालगत तीन फुटांचा ओटा, मग खांबांची ओळ, मग दुकान, त्यामागे माजघर, शेवटी स्वयंपाकघर आणि आड. अशा अरुंद आणि लांब जागा पेशवाईत पेठा वसल्या तेव्हापासूनच्या. प्रत्येकाला रस्त्यावर तोंड हवे होते, म्हणून रुंदी वाटून घेतली आणि खोली मागे वाढत गेली. त्या काळाबद्दल इथे एवढेच पुरे, कारण आज उभ्या असलेल्या बहुतेक माड्या त्या काळच्या राहिलेल्या नाहीत. मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना निघाला, त्यानंतर ती चपटी कौले हळूहळू देशावरही आली. छपराचा उतार बदलला, तशा पुष्कळ माड्या नव्याने उभ्या राहिल्या.

मूळचा जिना दुकानाच्या आतून होता. गादीच्या मागे, दुकान आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीला लागून. बारा पायऱ्या, प्रत्येक दहा इंच उंच आणि पाय ठेवायला जेमतेम आठ इंच. वर पोचल्यावर डोक्यावर लाकडी झडप, तिला वरून कडी. रात्री दुकानाच्या फळ्या लावल्या, गल्ला वर नेला आणि झडप पाडली की घर बंद. चोर दुकानात शिरलाच तरी माडीवर जाऊ शकत नसे. शिवाय जिन्यावर पाऊल पडले की फळी वाजायची आणि खाली झोपलेल्या नोकराला ते कळायचे.

या सोयीची किंमत घरातल्या बायका मोजत होत्या. दिवसभर दुकान भरलेले, आणि वरून खाली यायचे तर गिऱ्हाइकांच्या देखत गादीमागून यायचे. माडीची जमीन म्हणजे कडीपाटावर तीन-चार इंच मातीचा थर आणि वर शेणाचे सारवण. फळ्यांच्या फटींतून मात्र मिरचीचा ठसका वर यायचाच. मी त्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मिरचीची पोती नुकतीच उतरली होती. वरच्या खोलीतल्या आजी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "हंगामात दोन महिने असंच असतं, बाळा."

दुसरा जिना आला तो भाडेकरूमुळे. मुंबई राज्याचा भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. जागा १ सप्टेंबर १९४० पूर्वीपासून भाड्याने असेल तर त्या दिवशीचे भाडे, आणि नंतर पहिल्यांदा दिली असेल तर तेव्हाचे भाडे हे प्रमाणभाडे ठरले. या कायद्याच्या जागी नवा कायदा आला तो ३१ मार्च २००० पासून. त्याआधी १९९७ च्या डिसेंबरात देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, भाडे गोठवण्याची ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे मधली पन्नासेक वर्षे वर घेतलेला भाडेकरू सहसा निघत नसे आणि भाडे वाढत नसे. मराठवाड्यात आणि विदर्भात त्या काळी वेगळे कायदे होते, त्यामुळे तिकडच्या घरांची गोष्ट थोडी निराळी आहे.

या घरात पन्नासच्या दशकात माडीवरची पुढची खोली एका कुटुंबाला भाड्याने दिली. परक्या माणसांची रात्री-अपरात्री ये-जा दुकानातून, गल्ल्याजवळून कशी होऊ द्यायची? म्हणून दुकानाच्या तीन खणांपैकी उजवीकडचा एक खण कापून रस्त्यावरून थेट वर जाणारा जिना काढला. जिन्याला अडीच फूट गेले, उरलेल्या अडीच फुटांत पानपट्टी बसली. मागच्या खोलीत घरचे लोक राहत होते आणि ते आतलाच जिना वापरत. एका माडीला दोन वाटा झाल्या. त्या वेळी कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही.

गाठ बसली ती वाटणीत. सत्तरच्या दशकात दोन भावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्याला खालचे दुकान आणि माजघर, धाकट्याला भाडेकरूसह संपूर्ण माडी. वाटणीपत्रात ओळ अशी होती: "माडीस जाण्या-येण्याची वाट पूर्वीप्रमाणे राहील." हा कागद मी हातात घेऊन वाचला आहे. सुबक अक्षर, प्रत्येक पानावर अंगठे आणि सह्या, आणि नेमका जिथे नकाशा जोडायला हवा होता तिथे "पूर्वीप्रमाणे" हा एक शब्द. पूर्वीप्रमाणे म्हणजे कुठला जिना? धाकट्याचे कुटुंब आतल्या जिन्याने जात होते, भाडेकरू बाहेरच्या. दोन्ही वाटा पूर्वीच्याच.

ऐंशीच्या दशकात भाडेकरू आपणहून गेला. त्याबरोबर थोरल्याने सांगितले की आता बाहेरचा जिना मोकळा आहे, तोच वापरा. आतल्या जिन्याच्या तळाशी साखरेची पोती रचली गेली.

इथे १८८२ चा सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीतून वाट वगैरे मिळण्याच्या हक्काचा, कायदा मधे येतो. मुंबई इलाख्याला तो १८९१ पासून लागू झाला. त्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे एकत्र मिळकतीची वाटणी झाली आणि एकाच्या वाट्याचा उपभोग दुसऱ्याच्या वाट्यातून गेल्याशिवाय होतच नसेल, तर त्याला तशी वाट मिळते. ती गरजेपोटी मिळालेली वाट. पण ४१ वे कलम सांगते की गरज संपली की अशी वाटही संपते. धाकट्याने गरजेवर बोट ठेवले, आणि दुसरा जिना उभाच आहे मग गरज कसली, असा थोरल्याचा जबाब होता.

माझे मत मी लपवत नाही. धाकट्याची बाजू मला खरी वाटते, पण ती त्याने चुकीच्या पायावर उभी केली. त्याने गरज सांगायलाच नको होती. दोघांच्या सहीने वाटणीपत्रात लिहून दिलेली वाट ही दिलेली वाट असते. ती गरजेच्या वाटेसारखी दुसरा रस्ता निघाल्यावर आपोआप विझत नाही. सगळा वाद "पूर्वीप्रमाणे" या शब्दाचा अर्थ लावण्यावर न्यायला हवा होता, आणि माडीवरचे घरचे लोक वाटणीच्या दिवशी कुठून जात होते याचे साक्षीदार तेव्हा हयात होते. दावा मात्र गरजेच्या मुद्द्यावर वर्षानुवर्षे रेंगाळला आणि शेवटी तडजोड हुकूमनामा झाला: दुकान उघडे असेल तेवढ्या वेळात आतला जिना, एरवी बाहेरचा. त्याच घरातल्या आजींना एका रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा दुकान बंद होते. बाहेरचा जिना अडीच फुटांचा आणि वळणावर पानपट्टीची फळी आडवी. खुर्चीवर बसवून खाली आणताना चार माणसांना अर्धा तास लागला.

दरम्यान खाली आणखी एक काम झाले होते, त्याचीही नोंद हवी. थोरल्याने फळ्या काढून लोखंडी शटर बसवले. फळ्यांवर एकपासून बारापर्यंत आकडे कोरलेले होते. त्या चौकटीच्या खाचेत सरकवून बसवायच्या, शेवटच्या फळीला कोयंडा. फळ्या खांबांच्या मधेमधे बसतात, शटरला मात्र सलग मोकळी जागा लागते. म्हणून उरलेल्या दोन खणांच्या मधला खांब काढला आणि वर लोखंडी गर्डर टाकला. त्या खांबावर माडीची तुळई टेकलेली होती. गर्डर भिंतीत पुरेसा आत घेतला नव्हता. दोन पावसाळ्यांनी वरच्या खोलीचे दार खालून घासायला लागले, आणि जमिनीवर सांडलेले पाणी रस्त्याकडे वाहायला लागले. अशा घरात माडीचा उतार रस्त्याकडे वळला की आधी खालचा काढलेला खांब कुठे होता ते शोधावे. छप्पर नंतर बघावे. इथे गर्डरखाली दोन टोकांना विटांचे खांब बांधून घेतले तेव्हा खचणे थांबले.

मग विकास आराखड्यातली रस्तारेषा आली. सहा मीटरचा रस्ता नऊ मीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर, सुमारे पाच फूट. तीन फूट ओटा गेला आणि खांबांच्या ओळीपासून आत दोन फूट. बाहेरचा जिना खांबांच्या ओळीपासूनच चढत होता, त्यामुळे त्याच्या खालच्या तीन पायऱ्या गेल्या. जिना दोन फूट मागे सरकवा, असे नकाशावर सहज लिहिता येते. पण वर जिन्यासाठी सोडलेली मोकळी जागा दोन तुळयांच्या मधे असते. ती मागे सरकवायची तर मागची तुळई तोडावी लागते, आणि या घरातली ती तुळई थोरल्याच्या भिंतीवर टेकलेली होती. पायऱ्या आणखी उभ्या करून पाहिले, तर बारा इंचांची पायरी येत होती. ती शिडीच झाली असती.

म्हणजे माडीला पुन्हा एकच वाट उरली, आतली. गरज परत आली म्हणून विझलेला हक्क परत येतो का, यावर दोन वकिलांनी दोन मते दिली, आणि या वेळी दोन्ही घरांतली पुढची पिढी बोलणी करायला बसली. शेवटी शेजारच्या तीन फुटी बोळातून, मागच्या परसात नवा लोखंडी जिना काढायचा ठरले. परसाचा साडेतीन फुटांचा पट्टा थोरल्या शाखेने दिला, आणि त्या बदल्यात धाकट्या शाखेने आतल्या जिन्याची जागा दुकानाला सोडली. नोंदवलेल्या कागदाला या वेळी मोजमापांचा नकाशा जोडला आहे, जिन्याची रुंदी आणि पायऱ्यांची संख्या लिहिली आहे, आणि "पूर्वीप्रमाणे" हा शब्द कुठेही नाही. झडप खिळे मारून बंद केली. तिच्याखालच्या बारा पायऱ्यांवर आता साबणाच्या वड्या आणि काडेपेट्यांचे गठ्ठे मांडलेले असतात.