गेम मोडचे मिलिसेकंद येतात कुठून?

म्हापशात किंवा फोंड्यात हजार-दीड हजारांचे इअरबड बघायला गेलात, तर बऱ्याच खोक्यांवर ‘गेम मोड’ आणि त्याखाली ४० किंवा ५० मिलिसेकंद असा आकडा दिसतो, म्हणजे आवाज कानात पडायला लागणारा उशीर. हा मोड का लागला, हे कळायला २००३ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी ब्लूटूथवरून स्टिरिओ आवाज पाठवण्याची ए-टू-डी-पी ही पद्धत ठरली. ती गाणी ऐकण्यासाठी होती, आणि गाणे पाव सेकंद उशिरा सुरू झाले तरी कोणाचे काही बिघडत नाही. पुढे फोनवर सिनेमे पाहणे आले. तेव्हा इअरबड आपला उशीर फोनला कळवतात आणि फोन चित्र तेवढेच मागे धरतो, अशी सोय झाली. गेममध्ये ही युक्ती चालत नाही. गोळी केव्हा झाडायची हे बोट ठरवते, त्यामुळे आवाज आधी तयार ठेवता येत नाही आणि चित्र थांबवले तर खेळच अडखळतो.

उशिराचे खापर बहुधा कोडेकवर, म्हणजे आवाज आकसून पाठवण्याच्या पद्धतीवर, फुटते, पण तो मोठा गुन्हेगार नव्हे. एसबीसी हा सक्तीचा जुना कोडेक आवाजाचे जेमतेम ३ मिलिसेकंदांचे तुकडे करतो. चांगला म्हणून नावाजलेला एएसी एका तुकड्यात सुमारे २३ मिलिसेकंद भरतो, म्हणून काही इअरबड गेम मोड लावताच मुकाट्याने एसबीसीवर उतरतात. खरा वेळ जातो तो इअरबडमधल्या बफरमध्ये. तो घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखा आहे: नळ मधेच थांबला तरी घरात पाणी चालू राहते. आवाज छोट्या पाकिटांतून येतो, आणि हवेत हरवलेले पाकीट पुन्हा मागवून घेईपर्यंत कानाला साठ्यातला आवाज मिळतो. नेहमीच्या मोडमध्ये हा साठा शे-दीडशे मिलिसेकंदांच्या घरात किंवा त्याहूनही मोठा असतो. गेम मोड तो कापतो, आणि जोडीला पाकिटे लहान करून जास्त वेळा पाठवतो. बाकी फारशी जादू त्यात नाही.

वेगळा प्रयत्नही झाला होता. ॲप्टएक्स लो लेटन्सी हा कोडेक चाळीसेक मिलिसेकंदांपर्यंत पोचला, पण तो फोन आणि हेडफोन दोन्हीकडे लागे आणि फार थोड्या फोनांत आला. मग २०१६ नंतर दोन्ही कान सुटे असलेल्या इअरबडचा जमाना सुरू झाला. सुरुवातीच्या बऱ्याच जोड्यांत एक कान फोनकडून आवाज घेऊन दुसऱ्याला देई, म्हणजे उशिरात आणखी भर. त्याच सुमारास, २०१८ मध्ये, पबजी मोबाइल आला. शत्रूची पावले कोणत्या बाजूने येतात हे ऐकून खेळायचा हा गेम, आणि आवाज मागून येतोय ही तक्रार इथेच जोरात सुरू झाली. फोनमध्ये काही न बदलता, फक्त इअरबडच्या सॉफ्टवेअरमधून देता येणारा उपाय म्हणून गेम मोड पसरला.

साठा कापल्याची किंमत गर्दीत कळते. चवथीला मूळ घरी सगळी भावंडे जमतात. एकाच साल्यात सात-आठ फोन, तितकेच इअरबड आणि कोपऱ्यात वायफायचा राऊटर, सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात. हरवलेली पाकिटे पुन्हा येईपर्यंत साठा संपतो आणि कानात टिकटिक होते किंवा आवाज क्षणभर तुटतो. मोड बंद केल्यावर हे थांबले, तर कारण बफरच. राऊटर ५ गिगाहर्ट्झवर नेला तरी बराच फरक पडतो.

बॅटरीचा खर्चही त्याच मुळातून येतो. मोठी पाकिटे असतात तेव्हा रेडिओ मधल्या वेळात झोपतो. लहान पाकिटे त्याला सारखी उठवतात, आणि कानातली बॅटरी मुळातच काही दहा मिलिअँपिअर-तासांची.

आवाज मात्र एकदम डब्यातून आल्यासारखा झाला, तर गेम मोडला दोष देण्याआधी माइक बघा. टीमशी बोलायला इअरबडचा माइक चालू केला की जुने ब्लूटूथ फोन कॉलच्या पद्धतीवर जाते: एकच वाहिनी, तीही फार तर १६ किलोहर्ट्झ नमुन्यांची. पावले डावीकडून की उजवीकडून, हे मग कळणारच कसे? बोलायला फोनचा माइक वापरला की स्टिरिओ परत येतो.

खोक्यावरचा आकडा तपासता येतो. दुसऱ्या फोनने ६० फ्रेमचा व्हिडिओ काढा, इअरबड त्याच्या माइकला चिकटवून. एडिटिंग ॲपमध्ये बंदुकीच्या ठिणगीपासून आवाजाच्या उंचवट्यापर्यंत फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. समजा मोड बंद असताना १४ फ्रेम आल्या, चालू असताना ७, आणि फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ३. त्या ३ फ्रेम गेमच्या आणि फोनच्या, त्या कोणत्याही इअरबडने जाणार नाहीत. त्या वजा केल्या की ब्लूटूथचा उशीर १८० वरून ७० मिलिसेकंदांच्या आसपास आला. खोक्यावर हा शेवटचाच भाग छापतात, तोही रेडिओ स्वच्छ असतानाचा.

२०२२ मध्ये पूर्ण झालेल्या एलई ऑडिओत ही घडीच बदलली आहे. आवाजाला ठरलेल्या वेळेचे खण मिळतात, वेळ टळलेले पाकीट सोडून दिले जाते, दोन्ही कानांना फोन वेगवेगळा आवाज पाठवतो, आणि माइक चालू असतानाही स्टिरिओ टिकवता येतो. त्यासाठी फोन आणि इअरबड दोघांतही ती सोय हवी. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या इअरबडच्या नावाखाली एलई ऑडिओचे बटण दिसते का, ते दुकानातच जोडून पाहावे.