भाड्याची गाडी कोणत्या तारखांना घ्यायची? ‘भाड्याची गाडी’ या पानामागचा हिशेब

हळदीचा हंगाम भरात आला की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या बऱ्याच अडत दुकानांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. सौदा झालेला माल गोदामात किंवा कोल्ड स्टोअरेजला हलवायचा असतो आणि घरचा टेम्पो पुरत नाही. गाडीवाले एकेका दिवसाच्या भाड्यापेक्षा सलग दिवसांचा ठोक दर स्वस्त लावतात. समजा, तुमचं बोलणं असं ठरलं: एक टप्पा सलग तीन दिवसांचा, दुसरा सलग दोन दिवसांचा. गाडी तीच आणि हमालांची टोळीही तीच, म्हणून दोन्ही टप्प्यांत एकही दिवस सामाईक नको. आधी कुठला घ्यायचा याचं बंधन नाही. एक टप्पा संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढचा सुरू झाला तरी चालेल. मग कोणत्या तारखा धरल्या म्हणजे या पाच दिवसांत जास्तीत जास्त माल हलेल?

आमच्या रोजमेळाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘भाड्याची गाडी’ हे पान आम्ही याच प्रश्नासाठी जोडलं आहे. ते तारखा सुचवतं. त्या तारखांवर तुमचे पैसे लागतात, म्हणून त्या कशा निघाल्या हे तुम्हाला कागदावर पडताळता आलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं. हे माहितीपत्रक त्यासाठी आहे.

दहा दिवसांची एक यादी

घरच्या टेम्पोत न मावणारा माल, टनांमध्ये, दिवसागणिक असा धरू:

```
दिवस    1   2   3   4   5   6   7   8   9  10
माल     3   5  11  12   4   2   8   9   8   3
```

बहुतेक जण आधी मोठा टप्पा बघतात, आणि ते साहजिक आहे. सलग तीन दिवसांत सर्वांत जास्त माल दिवस २ ते ४ मध्ये आहे: ५ + ११ + १२ = २८ टन. ते दिवस बाजूला ठेवून उरलेल्यांत सर्वांत भारी जोडी शोधली तर दिवस ७-८ किंवा ८-९ मिळते, १७ टनांची. एकूण ४५.

पण याच यादीत ४८ टन हलवता येतात. दोन दिवसांचा टप्पा दिवस ३-४ ला घ्या, २३ टन; आणि तीन दिवसांचा दिवस ७ ते ९ ला, २५ टन. मोठ्या टप्प्याने ११ आणि १२ हे दोन्ही भारी दिवस स्वतःकडे ओढले, पण त्यांच्यासोबत तिसरा दिवस फक्त ५ टनांचाच मिळाला. ती जोडी छोट्या टप्प्याला दिली की मोठ्याला ८, ९, ८ असा भरदार पट्टा मोकळा राहतो. म्हणून दोन्ही टप्पे एकत्रच ठरवावे लागतात. एक पक्का करून मग दुसरा शोधला तर कधी बरोबर येतं, कधी नाही, आणि कधी येत नाही हे वरून दिसत नाही.

दोन टप्प्यांच्या सगळ्या जोड्या तपासून पाहणं हा एक मार्ग आहे. दहा दिवसांसाठी कागदावरही जमेल. वर्षाच्या ३६५ दिवसांसाठी तीन दिवसांचे ३६३ आणि दोन दिवसांचे ३६४ टप्पे होतात, म्हणजे तपासायच्या जोड्या सव्वा लाखाच्या वर. संगणकाला हे फार जड नाही, खरं सांगायचं तर. पण तेवढ्या जोड्या तुम्ही डोळ्यांखालून घालू शकणार नाही, आणि उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते सापडणार नाही. पुढची रीत एकेका दिवसाला एकेकच ओळ लिहिते, म्हणून ती वाचता येते.

चढती बेरीज

पहिलं काम म्हणजे रोजच्या मालाची चढती बेरीज, रोजमेळात पुढे ओढतो तशी. सुरुवातीला शून्य, मग ३, ८, १९, ३१, ३५, ३७, ४५, ५४, ६२, ६५. आता कोणत्याही सलग दिवसांचा माल एका वजाबाकीत मिळतो. दिवस ७ ते ९ हवे असतील तर नवव्या दिवसापर्यंतच्या ६२ मधून सहाव्या दिवसापर्यंतचे ३७ वजा करा: २५. इथे सातव्या नव्हे, सहाव्या दिवसाची बेरीज वजा होते, कारण सातवा दिवस आपल्याला हवा आहे. सुरुवातीचं शून्य लिहिणंही म्हणूनच गरजेचं. ते नसेल तर पहिल्या दिवसापासून सुरू होणाऱ्या टप्प्यात वजा करायला काही उरत नाही.

‘आतापर्यंतचा सर्वांत भारी’ हा रकाना

खरी गंमत पुढच्या रकान्यात आहे. समजा, छोटा टप्पा आधी आणि मोठा नंतर. मोठा टप्पा दिवस ७ ते ९ असेल तर छोटा सहाव्या दिवसापर्यंत संपलेला हवा. त्या सगळ्या छोट्या टप्प्यांपैकी सर्वांत भारी कोणता, एवढंच कळलं की पुरे. बाकीच्यांकडे बघायचं कारण नाही. ही माहिती दर वेळी नव्याने शोधावी लागत नाही. रोज एकच प्रश्न विचारायचा: आज संपणारी जोडी कालपर्यंतच्या सर्वांत भारी जोडीपेक्षा मोठी आहे का? असेल तर आकडा बदलायचा, नसेल तर तोच खाली उतरवायचा. आपल्या यादीत दुसऱ्या दिवशी ८, तिसऱ्या दिवशी १६, चौथ्या दिवशी २३, आणि तिथून शेवटपर्यंत २३ च राहतो.

आता प्रत्येक दिवशी संपणारा तीन दिवसांचा टप्पा घ्या आणि त्यात तीन ओळी वरचा सर्वांत भारी आकडा मिळवा. पाचव्या दिवशी २७ + ८ = ३५, सहाव्या दिवशी १८ + १६ = ३४, मग १४ + २३ = ३७, १९ + २३ = ४२, २५ + २३ = ४८, २० + २३ = ४३. यातला मोठा ४८.

हा अर्धाच हिशेब झाला. मोठा टप्पा आधी आणि छोटा नंतर, असंही असू शकतं, म्हणून हेच पुन्हा उलट्या क्रमाने करायचं: तीन दिवसांचा आतापर्यंतचा सर्वांत भारी रकाना तयार करायचा आणि प्रत्येक जोडीत त्याचा दोन ओळी वरचा आकडा मिळवायचा. आपल्या यादीत त्यातून ४५ च्या वर काही निघत नाही. दोन्ही क्रमांतला मोठा आकडा, ४८, हे उत्तर. दोन्ही टप्पे सारख्याच लांबीचे असतील तेव्हाच एक फेरी पुरते.

एक्सेलमध्ये स्वतः करून पाहा

पहिली ओळ शीर्षकांची. दुसरी ओळ ‘शून्यावा दिवस’, तिथे `C2` मध्ये 0. पहिला दिवस तिसऱ्या ओळीत आणि माल `B` रकान्यात. मग ही सूत्रं लिहून खाली ओढा:

```
C3:  =C2+B3
D4:  =C4-C2
E4:  =MAX(D$4:D4)
F5:  =C5-C2
G7:  =F7+E4
H5:  =MAX(F$5:F5)
I7:  =D7+H5
```

`D` म्हणजे दोन दिवसांचा टप्पा, `F` तीन दिवसांचा. `E` आणि `H` हे त्यांचे आतापर्यंतचे सर्वांत भारी आकडे. दहा दिवस बाराव्या ओळीत संपतात, म्हणून उत्तर `=MAX(G7:G12,I7:I12)`. तारखा हव्या असतील तर सर्वांत मोठा आकडा कोणत्या ओळीत आहे ते पाहा. तिथे शेवटचा टप्पा संपतो. आधीचा शोधायला `E` किंवा `H` मधला तो आकडा पहिल्यांदा कोणत्या ओळीत आला तिथपर्यंत वर जा.

चूक हमखास होते ती `G7` आणि `I7` मध्ये. `G7` मध्ये `E4` ऐवजी त्याच ओळीतला `E7` लिहिला गेला आणि सूत्र वरच्या ओळींतही भरून शेवटच्या `MAX` मध्ये त्या ओळीही धरल्या, तर याच यादीचं उत्तर ५१ येतं. दिवस २ ते ४ आणि दिवस ३-४ असे दोन टप्पे घेऊन ११ आणि १२ टन दोनदा मोजले गेलेले असतात. एवढी मोठी चूक लक्षात येते. पण `E4` ऐवजी `E5` पडला तर या यादीचं उत्तर ४८ च राहतं, आणि चूक पुढच्या हंगामात बाहेर येते. म्हणून खरी यादी भरण्याआधी दोन खोट्या याद्या चालवा. पहिलीत पाचव्या दिवशी १०० आणि बाकी सगळीकडे शून्य ठेवा. उत्तर १०० च हवं. २०० आलं तर एक दिवस दोन्ही टप्प्यांत मोजला जातो आहे. दुसरीत दिवस ४ ते ८ ला प्रत्येकी १ आणि बाकी शून्य. `G` आणि `I` या दोन्ही रकान्यांत सर्वांत मोठा आकडा ५ हवा. एखाद्या रकान्यात ४ च आलं तर त्याचं सूत्र एक ओळ जास्त वर गेलं आहे आणि दोन टप्प्यांमध्ये विनाकारण एक दिवस रिकामा सोडला जातो आहे.

यादी भरताना

बाजार बंद असलेल्या दिवसाचं काय करायचं हे गाडीवाल्याशी झालेल्या बोलण्यावर ठरतं. त्या दिवसाचंही भाडं लागत असेल तर यादीत तो दिवस ठेवा आणि माल शून्य लिहा. भाडं लागत नसेल आणि सुट्टी सोडून दिवस मोजायचे ठरले असेल तर ती ओळच काढून टाका. दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, कारण ‘सलग’ कशाला म्हणायचं तेच बदलतं.

गाडी दिवसाला दहाच टन ओढू शकत असेल तर ११ आणि १२ च्या जागी आधीच १० लिहा. सॉफ्टवेअरला गाडीची ताकद माहीत नसते, ते फक्त बेरीज मोठी करतं.

काही ग्राहक टनांऐवजी त्या दिवशी वाचणारे रुपये भरतात, भाडं वजा करून. मग काही दिवस उणे आकड्यांचे येतात. रीत तशीच चालते, मात्र ‘आतापर्यंतचा सर्वांत भारी’ हा आकडा शून्यापासून सुरू करायचा नाही; पहिल्या पूर्ण टप्प्याच्या बेरजेपासून सुरू करायचा, जसा `E4` होतो. शून्यापासून सुरू केला तर न घेतलेला टप्पा शून्य रुपयांचा म्हणून जिंकतो आणि उत्तर खऱ्यापेक्षा चांगलं दिसतं. बरोबर हिशेबानेही अंतिम आकडा उणे आला, तर त्या यादीत ही दोन टप्प्यांची बोलीच तोट्याची आहे आणि रोजच्या भाड्यावर जाणं बरं.

यादी पाच दिवसांपेक्षा छोटी असेल तर पान उत्तर देत नाही, कारण दोन्ही टप्पे तिच्यात बसतच नाहीत. दोन उत्तरं सारख्याच टनांची निघाली तर आम्ही लवकर संपणारं दाखवतो. माल यार्डात कमी दिवस पडून राहावा म्हणून. तुम्हाला उशिराचं सोयीचं असेल तर पानावर उजवीकडे ‘शेवटचं दाखवा’ हे बटण आहे.