विद्युत घटाचे व्होल्टेज : संहती आणि तापमानाचा परिणाम

कोणत्याही रासायनिक विद्युत घटाचे जे व्होल्टेज तक्त्यात छापलेले असते त्याला प्रमाण व्होल्टेज (चिन्ह E°) म्हणतात. डॅनियल घटासाठी ते १.१० व्होल्ट आहे. जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये तयार केलेल्या या घटात जस्ताची पट्टी झिंक सल्फेटच्या द्रावणात आणि तांब्याची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेली असते. जस्त विरघळते, तांबे पट्टीवर साचते. मात्र १.१० व्होल्ट हा आकडा ठरावीक परिस्थितीचा आहे. तापमान २५° से. असले पाहिजे आणि दोन्ही द्रावणांतील आयनांची ‘सक्रियता’, म्हणजे प्रभावी संहती, नेमकी १ असली पाहिजे. तापमान किंवा दोन्ही सक्रियतांचे परस्पर प्रमाण बदलले की मीटरवरचा आकडा सरकतो. बहुतेक वेळा तो काही मिलिव्होल्टच सरकतो, पण किती आणि कोणत्या दिशेने हे आधी सांगता येते.

हा हिशेब वाल्टर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडला :

```
E = E° − (RT/nF) ln Q
```

यात R हा वायू स्थिरांक, T हे केल्व्हिनमधील तापमान, F हा फॅरेडे स्थिरांक (९६,४८५ कूलंब प्रति मोल) आणि n म्हणजे एका अभिक्रियेत हस्तांतरित होणारे इलेक्ट्रॉन. डॅनियल घटात n ची किंमत २ आहे. Q हे तयार होणाऱ्या आणि खर्च होणाऱ्या आयनांचे गुणोत्तर. इथे जस्त आयन तयार होतात आणि तांबे आयन खर्च होतात, म्हणून Q म्हणजे जस्त आयनांची संहती भागिले तांबे आयनांची संहती. पट्ट्या घनरूप असल्यामुळे त्या या गुणोत्तरात येत नाहीत. पट्टी जाड असो वा पातळ, व्होल्टेज तेच राहते.

दोन्ही संहती सारख्या असतील तर Q = १, त्याचा लॉग शून्य, आणि घट १.१० व्होल्ट दाखवतो. आता मोरचुदाचे द्रावण शंभरपट पातळ केले असे समजू : जस्त आयन १ मोल प्रति लिटर, तांबे आयन ०.०१. म्हणजे Q = १००. २५° से. ला n = २ असताना Q दर दहापट वाढला की व्होल्टेज २९.६ मिलिव्होल्टने उतरते. इथे Q दोनदा दहापट झाला, म्हणून उतार ५९ मिलिव्होल्ट आणि घटाचे व्होल्टेज १.०४ च्या आसपास. उलट जस्ताचे द्रावण शंभरपट पातळ केले तर तेवढीच भर पडून ते १.१६ होते.

शंभरपट बदल करूनही व्होल्टेज जेमतेम पाच टक्के हलते, याचे कारण RT/F या राशीत आहे. २५° से. ला तिची किंमत २५.७ मिलिव्होल्ट आहे. उष्णतेमुळे कणांची जी सहज धावपळ चालू असते तिची ऊर्जा विद्युत मापात मोजली तर एवढीच भरते. संहतीचा परिणाम याच धावपळीतून येतो. तांबे आयन विरळ झाले की ते पट्टीपर्यंत कमी वेळा पोचतात, तर पट्टीवरचे अणू आयन होऊन सुटण्याची ओढ पूर्वीइतकीच राहते. तोल साधायला पट्टीचे विभव थोडे खाली यावे लागते. पण जस्ताने तांब्याला इलेक्ट्रॉन देण्यामागे असलेला रासायनिक जोर १.१० व्होल्टचा आहे, RT/F च्या सुमारे ४३ पट. त्यापुढे संहतीचा वाटा लहानच दिसणार. शिवाय लॉगमुळे महत्त्व फरकाला नसून पटीला असते : १ वरून ०.१ वर जाणे आणि ०.००१ वरून ०.०००१ वर जाणे घटाच्या लेखी सारखेच.

घट शेवटपर्यंत जवळपास सारखेच व्होल्टेज का देतो, तेही यातूनच कळते. दोन्ही द्रावणे १ मोल प्रति लिटर घेऊन घट सावकाश वापरला आणि ९० टक्के तांबे आयन खर्च झाले, तर Q = १.९ ÷ ०.१ = १९ आणि व्होल्टेज १.०६ उरते. ९९ टक्के खर्चानंतर ते १.०३, आणि ९९.९ टक्क्यांनंतरही १.०० असते. व्होल्टेज शून्यावर यायला Q सुमारे १०³⁷ व्हावा लागतो. म्हणून मीटर लावून ‘घटात किती शिल्लक आहे’ हे ओळखायला डॅनियल घट अगदी निरुपयोगी आहे.

तापमानाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. समीकरणात T दिसतो तो लॉगच्या पदात, त्यामुळे तापमानाचा सगळा परिणाम तिथेच आहे असे मानून E° तसाच ठेवण्याची चूक विद्यार्थी हमखास करतात. पण E° स्वतःही तापमानाबरोबर बदलतो, आणि तो किती बदलेल हे अभिक्रियेतील एंट्रॉपीचा, म्हणजे कणांच्या अव्यवस्थेच्या मापाचा, बदल ठरवतो : दर अंशाला ΔS°/nF इतका. डॅनियल घटाच्या अभिक्रियेत एंट्रॉपी सुमारे २१ जूल प्रति केल्व्हिन प्रति मोल घटते. त्याला nF ने भागले की उत्तर येते दर अंशाला उणे ०.११ मिलिव्होल्ट. २५° वरून ४५° से. वर गेल्यास E° १.१०० वरून १.०९८ होतो, म्हणजे २ मिलिव्होल्टचा फरक.

आता दोन्ही परिणाम एकत्र पाहू. Q = १०० असलेला वरचा घट २५° से. ला १.०४१ व्होल्ट देतो. ४५° ला E° २ मिलिव्होल्टने उतरतो, आणि लॉगच्या पदातली वजाबाकी ५९ वरून ६३ मिलिव्होल्ट होते. एकूण व्होल्टेज १.०३५. घट तापवल्यावर व्होल्टेज सहा मिलिव्होल्ट उतरले. हाच प्रयोग Q = ०.०१ ठेवून केला तर लॉगचे पद बेरजेचे असते : ते ५९ वरून ६३ वर जाते, E° मात्र २ ने उतरतो. व्होल्टेज १.१५९ वरून १.१६१ होते. म्हणजे तेच जस्त, तेच तांबे, तेवढेच तापवणे, आणि एका भांड्यात आकडा उतरतो तर दुसऱ्यात चढतो. ‘डॅनियल घट तापवला की व्होल्टेज कमी होते’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. संहती सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी दोन्ही परिणाम एकमेकांना अचूक खोडून काढत असणार. ते घडते ln Q = ΔS°/R असेल तेव्हा. इथे ΔS°/R सुमारे उणे २.५ येते, म्हणजे Q सुमारे ०.०८. तांबे आयनांची संहती जस्त आयनांच्या साडेबारापट ठेवली, तर खोलीच्या तापमानाच्या आसपास हा घट १.१३ व्होल्टवर स्थिर राहील, चार-पाच अंशांच्या चढउताराची त्याला फिकीर नसेल.

प्रयोगशाळेत मात्र हे आकडे जसेच्या तसे मिळत नाहीत, आणि दोष मीटरचा नसतो. Q मध्ये खरे तर संहती नव्हे, सक्रियता घालायची असते. दाट द्रावणात दुहेरी भाराचे आयन विरुद्ध भाराच्या आयनांनी इतके वेढलेले असतात की त्यांचा प्रभावी अंश फार कमी उरतो. १ मोल प्रति लिटरच्या झिंक सल्फेटमध्ये हा अंश सुमारे ०.०४, तर ०.०१ च्या मोरचूद द्रावणात सुमारे ०.४ असतो. म्हणजे जस्ताची सक्रियता ०.०४ आणि तांब्याची ०.००४. खरा Q १०० नसून १० च्या जवळ येतो, आणि अपेक्षित ५९ मिलिव्होल्टऐवजी उतार ३० च्या आसपासच दिसतो. ‘नर्न्स्ट समीकरण जमले नाही’ अशी टीप लिहिण्याआधी हे तपासावे. उपाय सोपा आहे : दोन्ही द्रावणे पातळ घ्यावीत आणि दोन्हींत अभिक्रियेत भाग न घेणारे एखादे मीठ सारख्या आणि भरपूर प्रमाणात घालावे. मग आयनांभोवतीची परिस्थिती दोन्हीकडे सारखी राहते आणि दहापटीमागे २९.६ मिलिव्होल्टचा उतार बराच नीट मिळतो. दोन द्रावणे जोडणाऱ्या क्षारसेतूच्या टोकांशी एखाद-दोन मिलिव्होल्टची गडबड तरीही राहते.

दुसरी गल्लत वापरातल्या घटाबाबत होते. घटाला भार जोडल्यावर व्होल्टेज पडते ते बहुतांशी अंतर्गत रोधामुळे, आणि त्याचा नर्न्स्टशी संबंध नाही. ओळखायचे कसे? भार काढावा. रोधामुळे पडलेले व्होल्टेज तत्क्षणी परत येते. त्यानंतर आकडा काही मिनिटे हळूहळू चढत राहिला, तर ती पट्टीलगतच्या विरळ झालेल्या द्रावणाची भरपाई समजावी. समीकरणाला भांड्यातली सरासरी संहती माहीत नसते, पट्टीला चिकटलेल्या थरातली तेवढी माहीत असते. एवढे करूनही जे परत येत नाही तो संहतीचा खरा परिणाम. आकडा परत न येता खाली घसरतच राहिला तर जस्ताची पट्टी बाहेर काढून पाहावी : तिच्यावर काळपट थर दिसला तर मोरचुदाचे द्रावण जस्ताच्या बाजूला झिरपले आहे आणि तांबे थेट जस्तावरच बसत आहे.

जिथे E° शून्य असतो तिथे हाच ‘किरकोळ’ परिणाम सर्वस्व होतो. दोन्ही बाजूंना तांबेच, पण द्रावणे वेगळ्या संहतीची, अशा घटाचे सगळे व्होल्टेज लॉगच्या पदातून येते. पीएच मीटरचेही तसेच. त्याच्या काचेच्या अग्राचा उतार पीएचच्या एका एककामागे २५° से. ला ५९.२ मिलिव्होल्ट, तर ०° ला ५४.२ असतो. मीटरवर तापमानाची दुरुस्ती असते ती यासाठी.

व्होल्टचे मानक म्हणून घट वापरले जात त्या काळात हे काही मिलिव्होल्ट फार महागात पडत. क्लार्क घटात झिंक सल्फेटचे संतृप्त द्रावण असे. त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर बदलते, म्हणून संहतीही बदले, आणि व्होल्टेज दर अंशाला १ मिलिव्होल्टहून जास्त सरके. एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ मध्ये जस्ताच्या जागी कॅडमियम आणले. कॅडमियम सल्फेटची विद्राव्यता खोलीच्या तापमानाजवळ फारशी बदलत नाही. तळाशी स्फटिक ठेवून द्रावण संतृप्त राखले की संहती जवळपास ठरलेलीच राहते. वेस्टन घटाचे व्होल्टेज २०° से. ला १.०१८६ असते आणि एका अंशामागे ते फक्त ०.०४ मिलिव्होल्टने उतरते. १९११ पासून १९९० पर्यंत तो आंतरराष्ट्रीय मानक होता, आणि एवढे असूनही अचूक मोजमापासाठी त्याला स्थिर तापमानाच्या तेलात बुडवूनच ठेवावे लागे.